सप्लायर म्हणतो ‘आय विल कम’, मग सोमवारी नक्की येणार कोण?

एक मेसेज वाचा.

“सप्लायर टोल्ड मी दॅट आय विल कम ऑन मंडे विथ मटेरियल.”

आता सांगा, सोमवारी कोण येणार? सप्लायर येणार की मेसेज लिहिणारा?

इंग्रजीच्या नियमाने बघितलं तर वाक्यात मोठी चूक दिसत नाही. कर्ता, क्रियापद, काळ सगळं जागच्या जागी आहे. फार तर कुठे ‘द’ राहिलाय. इंग्रजी वाचणारा माणूस याचा अर्थ सरळ लावेल, की लिहिणारा स्वतः सोमवारी येणार आहे. पण मराठी घरात वाढलेल्या माणसाला लगेच शंका येईल, की गड्याला म्हणायचंय वेगळंच.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, ऑफिसच्या मेलमध्ये, कॉलेजच्या अर्जात अशी वाक्यं रोज दिसतात. आपल्यापैकी ज्याचं इंग्रजी जरा बरं आहे त्याला ती ‘दुरुस्त करून दे’ म्हणून पाठवली जातात. आपण ती दोन मिनिटांत दुरुस्त करून देतो पण. घोळ तिथेच सुरू होतो. कारण वाक्य दुरुस्त करताना समोरच्याला काय म्हणायचं होतं, हे आपण मनानेच ठरवून टाकलेलं असतं.

हा घोळ कसा होतो आणि तो टाळायची रीत कोणती, ते नीट बघूया.

एक मेसेज, दोन टेम्पो

समजा, साताऱ्याच्या एमआयडीसीत एक छोटं वर्कशॉप आहे. तिथे कवठेमहांकाळ भागातला एक पोरगा स्टोअर सांभाळतो. सांगलीत आयटीआय झालाय, शाळा मराठी माध्यमाची. माल येतो सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतून. मॅनेजर पुण्यात बसतो आणि त्याला सगळे अपडेट इंग्रजीत लागतात.

शनिवारी पोरगा सप्लायरला फोन करतो. सप्लायर म्हणतो, “सोमवारी माल घेऊन येतो.” पोरगा फोन ठेवतो आणि वरचं वाक्य टाइप करतो. मॅनेजरला पाठवायच्या आधी ऑफिसातल्या एका मित्राला दाखवतो, कारण मित्राचं इंग्रजी चांगलं.

मित्र वाचतो. ‘टोल्ड मी’ आणि ‘आय विल कम’ बघून त्याला वाटतं, सप्लायरने याला ‘सोमवारी ये’ असं सांगितलेलं दिसतंय. तो वाक्य बदलून देतो.

“द सप्लायर टोल्ड मी टू कम ऑन मंडे फॉर द मटेरियल.”

वाक्य एकदम चकाचक. पोरगा वाचतो, त्याला भारी वाटतं, तो पाठवून देतो. मॅनेजर सोमवारी सकाळी साताऱ्याहून कुपवाडला टेम्पो लावतो. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्याच वेळी सप्लायरचा टेम्पो माल भरून कुपवाडहून साताऱ्याकडे निघालेला असतो. कराडच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी दोन्ही टेम्पो एकमेकांना क्रॉस होतात.

दुपारी शिव्या कुणाला बसतात? पोराला. “इंग्रजी येत नाही तर मराठीत लिहायचं ना!”

खरं तर पोराच्या मूळ वाक्यात सत्य शिल्लक होतं. ‘विथ मटेरियल’ म्हणजे येणारा माणूस माल घेऊन येणार, हे त्याने लिहिलं होतं. मित्राच्या अंदाजात तो शब्द बसेना, म्हणून मित्राने ‘विथ’ काढून ‘फॉर’ घातला. अंदाज चुकतोय हे सांगणारा एकमेव पुरावा दुरुस्तीच्या नावाखाली गायब झाला.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्याचं वाक्य सुधारताना एखादा शब्द तुमच्या अर्थात बसत नाही म्हणून तुम्ही तो बदलत असाल, तर थांबा. चूक त्या शब्दात असेलच असं नाही. तुम्ही धरलेला अर्थही चुकलेला असू शकतो.

पण पोराने ‘आय’ लिहिलंच का?

याचं उत्तर मराठीत आहे.

आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना ते जसंच्या तसं सांगतो. “तो म्हणाला की मी सोमवारी येईन.” या वाक्यातला ‘मी’ म्हणजे सांगणारा नव्हे, तो पलीकडचा माणूस. ऐकणाऱ्याला हे आपोआप कळतं. इंग्रजीत मात्र ‘दॅट’ आलं की सर्वनाम सांगणाऱ्याच्या बाजूने बदलतं. तिथे ‘आय’ म्हणजे जो आत्ता बोलतोय तोच.

सातारा-सांगलीकडच्या रोजच्या बोलण्यात तर आणखी एक गंमत होते. आपण ‘मी’ सुद्धा गाळतो. “सोमवारी माल घेऊन येतो म्हणाला.” या वाक्यात येणाऱ्याचं नावच नाही. आणि ‘येतो’ हे रूप ‘मी येतो’ला पण चालतं, ‘तो येतो’ला पण चालतं. बाई बोलत असेल तर ‘मी येते’, ‘ती येते’, तिथेही तेच.

इंग्रजीला मात्र कर्ता लागतोच. मराठीत जी जागा रिकामी होती, ती पोराला भरावी लागली. सप्लायरच्या तोंडचं ‘मी’ त्याच्या कानात होतं, त्याने ‘आय’ भरलं. म्हणजे ही चूक निष्काळजीपणाची नाही. त्यामागे एक नियम आहे, फक्त तो नियम मराठीचा आहे.

मित्राने धरलेला अर्थ मराठीत लिहून बघा. “सोमवारी ये म्हणाला.” ‘येतो’ आणि ‘ये’, फरक एका अक्षराचा. मराठीत हा फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो. इंग्रजीत जाता जाता तो हरवला आणि मित्राने तो आपल्या मनाने भरला.

भाषाशास्त्रात याची रीत ठरलेली आहे

एडिनबरा विद्यापीठात स्टीफन पिट कॉर्डर नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते. 1967 साली त्यांनी एक लेख लिहिला आणि त्यात शिकणाऱ्यांच्या चुकांकडे बघायची दिशाच बदलली. तोपर्यंत चूक म्हणजे पुसून टाकायची गोष्ट. कॉर्डर यांचं म्हणणं होतं, की चूक हा पुरावा आहे. शिकणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी त्या भाषेचे कोणते नियम तयार झालेत, ते चुकीवरून कळतं. पुढे 1972 साली लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या अवस्थेतल्या भाषेला ‘इंटरलँग्वेज’ असं नाव रूढ केलं. ती धड मातृभाषाही नसते आणि धड शिकायची भाषाही नसते, पण तिला स्वतःचे नियम असतात.

आपल्या कामाचं आहे ते कॉर्डर यांचं 1971 सालचं लिखाण. शिकणाऱ्याचं वाक्य हातात आलं की काय काय करायचं, याच्या पायऱ्या त्यांनी मांडल्या. सोप्या करून सांगायच्या तर त्या अशा.

पहिला प्रश्न, वाक्य वरवर बरोबर आहे का? बरोबर दिसलं म्हणून सोडायचं नाही. दुसरा प्रश्न, त्याचा सरळ अर्थ त्या प्रसंगात बसतो का? स्टोअर सांभाळणारा पोरगा, जो साताऱ्यातच आहे, तो ‘माल घेऊन येईन’ असं कशाला लिहील? बसत नाही. म्हणजे वाक्य वरून नीट आणि आतून वेगळं. अशा वाक्यांना कॉर्डर छुप्या चुकांची वाक्यं मानतात, आणि उघड चुकांपेक्षा ती जास्त गोंधळ घालतात. ‘ही गोड’ असं कुणी लिहिलं तर आपण लगेच थांबतो. छुप्या वाक्यावर थांबावं असं वाटतच नाही.

तिसरी पायरी, लिहिणारा माणूस समोर आहे का? असेल तर त्याला विचारा, आणि तेही त्याच्या मातृभाषेत. अशा विचारून मिळालेल्या अर्थालाच कॉर्डर पक्का अर्थ मानतात. माणूस समोर नसेल तर वाक्य शब्दशः त्याच्या मातृभाषेत परत नेऊन बघा. “सप्लायरने मला सांगितलं की मी सोमवारी माल घेऊन येईन.” मराठीत नेल्यावर वाक्य लगेच बोलकं होतं. पण हा अर्थ फक्त संभाव्य आहे, पक्का नाही, हे स्वतःशी कबूल करायचं.

आणि काहीच जमलं नाही तर? कॉर्डर यांच्या पायऱ्यांत शेवटी असं येतं, की वाक्य बाजूला ठेवा. म्हणजे अर्थ लागत नसेल तर ओढूनताणून लावू नका. शाळेच्या वहीत लाल पेनाने पूर्ण नवीन वाक्य लिहून देण्यापेक्षा, शेजारी ‘हे मला सांग’ एवढं लिहिणं जास्त प्रामाणिक ठरतं.

विचारायचं म्हणजे नक्की कसं?

आपण विचारतो ते बहुतेक वेळा असं असतं. “म्हणजे तुला सोमवारी बोलावलंय, असंच ना?”

हा प्रश्न दिसतो, पण यात उत्तर आधीच भरलेलं आहे. समोरचा वयाने लहान असेल, हुद्द्याने खाली असेल किंवा आधीच आपल्या इंग्रजीची लाज वाटत असेल, तर तो “हो सर” म्हणून मोकळा होतो. त्याने ‘हो’ म्हटलं ते अर्थाला म्हटलं की तुम्हाला म्हटलं, हे कळायला मार्ग राहत नाही.

त्यापेक्षा इंग्रजी वाक्य बाजूला ठेवायचं आणि घडलं काय ते मराठीत विचारायचं. “फोनवर तो नेमकं काय म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांग.” पोरगा सांगेल, “सोमवारी माल घेऊन येतो म्हणाला.” तरी शंका राहिली तर एकच नेमका प्रश्न. “टेम्पो कुणाचा?” या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देताच येत नाही. त्याला माहिती द्यावीच लागते.

नकारार्थी प्रश्न तर टाळाच. “तू जाणार नाहीस ना?” याला मराठी माणूस “हो” म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘हो, नाही जाणार’ असा असतो. तेच “यस” म्हणून इंग्रजीत गेलं की ऐकणारा उलटं समजू शकतो.

मातृभाषेत विचारा म्हणजे मराठीतच विचारा असंही नाही. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात कितीतरी घरांत कन्नड बोलतात. तिथला पोरगा मराठी शाळेत शिकला असेल, पण त्याच्या वाक्याचा साचा कन्नडमधून आलेला असू शकतो. कन्नडमध्येही दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच तोंडच्या ‘मी’सकट सांगतात, त्यामुळे हीच ‘आय विल कम’ची अडचण तिथूनही येऊ शकते. पण बाकीच्या बाबतीत आपला मराठी अंदाज त्याला लागू होईलच असं नाही.

अर्थ कळला, आता दुरुस्ती किती करायची?

पोराला म्हणायचंय ते आता पक्कं झालं. सप्लायर येणार. मग वाक्य असं होतं.

“द सप्लायर टोल्ड मी दॅट ही विल कम ऑन मंडे विथ द मटेरियल.”

बदललं काय? ‘आय’चं ‘ही’ झालं आणि दोन ठिकाणी ‘द’ लागला. बाकी सगळं वाक्य पोराचंच आहे. ‘विथ’ त्याच्या जागी सलामत आहे. व्याकरणाचा कीस काढणारा कुणी म्हणेल, ‘टोल्ड’ आहे तर ‘विल’चं ‘वुड’ करा. पण सोमवार अजून यायचाय, त्यामुळे ‘विल’ चालतं. गरज नसताना बदल केला की पोराला वाटतं आपलं तेही चुकलं होतं, आणि नेमकी चूक कुठली हे त्याला कळत नाही.

शेवटची एक पायरी लोक हमखास विसरतात. दुरुस्त केलेलं वाक्य परत मराठीत सांगून दाखवायचं. “यात लिहिलंय की सप्लायर स्वतः माल घेऊन येणार. बरोबर?” आता ‘हो’वर विश्वास ठेवता येतो, कारण आधी त्याने स्वतःच्या शब्दांत सगळं सांगितलेलं आहे. आपल्या गोष्टीतल्या मित्राने एवढं केलं असतं तरी टेम्पो वाचला असता. पोराला सुधारलेलं वाक्य तपासता आलं नाही, कारण तो ते स्वतःच्या मनातल्या अर्थानेच वाचत होता. आणि इंग्रजी चांगलं असलेल्या मित्राने लिहिलंय म्हटल्यावर त्याने शंकाही घेतली नाही.

वर्गातही काहीसं असंच दिसलंय. रॉय लिस्टर आणि लैला रांटा या अभ्यासकांनी कॅनडात फ्रेंच शिकणाऱ्या मुलांचे वर्ग रेकॉर्ड केले आणि 1997 साली निष्कर्ष छापले. शिक्षक चूक दाखवण्यासाठी निम्म्याहून जास्त वेळा एकच पद्धत वापरत होते. मुलाचं वाक्य काही न बोलता दुरुस्त करून परत म्हणायचं. आणि याच पद्धतीनंतर मुलांकडून सगळ्यात कमी प्रतिसाद येत होता. मुलांना वाटे, सर आपलंच वाक्य परत म्हणतायत. उलट ‘म्हणजे काय?’ असं विचारलं किंवा वाक्य अर्धं सोडून मुलाला पूर्ण करायला लावलं, तर मूल स्वतःहून काहीतरी बोलायचं.

बरोबर दिसणारी आणखी दोन वाक्यं

छुपी चूक ओळखायची तर मराठीत कुठे एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत ते माहीत पाहिजे. या वाक्यातच बघा, ‘माहीत पाहिजे’ म्हणजे इच्छा नाही, गरज.

पोरगा लिहितो, “आय वॉन्ट टू गो होम.” मॅनेजर म्हणतो, याला घरी जावंसं वाटतंय, पुढच्या आठवड्यात बघू. पोराच्या मनातलं वाक्य असतं, “मला घरी जायला पाहिजे.” आई दवाखान्यात आहे आणि घरी दुसरं कुणी नाही. तिथे ‘आय हॅव टू गो होम’ लागत होतं. व्याकरण तपासणाऱ्याला पहिल्या वाक्यात चूक सापडणारच नाही, कारण ती नाहीच. “घरी काय झालंय?” एवढा प्रश्न विचारला असता तर सगळं कळलं असतं.

दुसरं वाक्य, “आय हॅड गॉन टू सांगली.” मराठीत ‘मी सांगलीला गेलो होतो’ आपण साध्या भूतकाळासाठी सर्रास म्हणतो. त्यामुळे मदत करणारे डोळे झाकून ‘हॅड’ उडवतात आणि ‘आय वेंट टू सांगली’ करून देतात. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण “टेम्पो आला तेव्हा तू गेटवर का नव्हतास?” या प्रश्नाचं ते उत्तर असेल तर? तेव्हा तो आधीच निघून गेला होता, आणि ‘हॅड’ अगदी योग्य जागी आहे. तो काढला तर टेम्पो आल्यावर पोरगा गेट सोडून सांगलीला गेला, असा अर्थ निघू शकतो. म्हणजे नेहमीची चूक आहे म्हणून नेहमीची दुरुस्ती, हे पण चालत नाही.

अर्थात दरवेळी एवढी चौकशी करायची गरज नसते. ‘आय ॲम हिअर सिन्स टू इयर्स’ याचा अर्थ एकच निघतो, तिथे सरळ ‘आय हॅव बीन हिअर फॉर टू इयर्स’ सांगून टाका. विचारायचं तेव्हा, जेव्हा वाक्यातून दोन माणसं, दोन वेळा किंवा दोन कामं निघू शकतात आणि त्यावर कुणाचे पैसे, सुट्टी किंवा औषधाचा डोस ठरणार असतो.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या मुलांपैकी कितीतरी जण आज नोकरीला लागलेत आणि ऑफिसचे मेसेज इंग्रजीतच टाइप करतात. तुमच्याकडे असं एखादं वाक्य ‘जरा बघ की’ म्हणून आलं, तर टाइप करायच्या आधी फोन लावा आणि मराठीत विचारा, “तो नेमकं काय म्हणाला?”